एक नेकबँड, तीन फोन, तीन वेगळे प्रश्न : गाणं ऐकायला लोकेशन कशाला?

तापीकाठची

राम राम मंडळी. प्रश्न साधा वाटतोय, पण घरात आठ दिवस यावरून वाद चाललाय, म्हणून धागा काढते.

माझे वडील, आप्पा, चोपड्याजवळच्या गावी असतात. केळीची बाग आहे. शेतीची लाईट रात्रीची असली की पाणी द्यायला जावं लागतं आणि सोबतीला हरिपाठ लागतो. फोन खिशात आणि आवाज कानात राहावा म्हणून दिवाळीत जळगावहून त्यांना गळ्यातला नेकबँड आणला. आप्पांची एकच तक्रार, "पखवाज धमधम वाजतो, शब्द कळत नाहीत." खोक्यावर लिहिलंय की कंपनीचं अ‍ॅप टाकून बास कमी-जास्त करता येतो. म्हणून ते अ‍ॅप टाकलं आणि तिथून गंमत सुरू झाली.

आप्पांच्या जुन्या फोनवर अ‍ॅपने उघडल्याबरोबर लोकेशन मागितलं. आप्पांनी "नाही" दाबलं, कारण बँकेत कुणीतरी सांगितलंय की लोकेशन देऊ नका. मग मी माझ्या फोनवर तेच अ‍ॅप टाकलं, तर त्याने आधी Nearby devices मागितलं. म्हणजे जवळची डिव्हायसेस शोधायची, त्यांना जोडायचं आणि ती आपल्यापासून कुठे आहेत ते ठरवायचं, परवानगी देता का. हे झाल्यावर वर लोकेशनही मागितलं. आमच्या ह्यांच्या आयफोनवर त्याच अ‍ॅपने फक्त ब्लूटूथ वापरू का, एवढंच विचारलं.

नेकबँड एक, अ‍ॅप एक, मग प्रश्न तीन कसे? आणि सगळ्यात चक्रावणारं म्हणजे नंतर मी आप्पांची समजूत काढून लोकेशनला होकार दिला, तरी अ‍ॅप म्हणतं "एकही डिव्हाइस सापडलं नाही". त्याच वेळी त्याच नेकबँडमधून हरिपाठ चालू होता!

---

खापरावरचे_मांडे

रुमाल टाकून ठेवते. माझ्याकडे गाणी वाजवायच्या साध्या अ‍ॅपनेही हेच जवळच्या डिव्हायसेसचं विचारलंय.

---

शिरपूरकर

ताई, यात चक्रावण्यासारखं काय आहे? सगळे माहिती गोळा करतात. आवाज आणि लोकेशन यांचा संबंध शून्य. तुमचे आप्पा बरोबर आहेत, बँकवाल्यांचं ऐकलं. मी लोकेशन कोणालाच देत नाही, फोनवर कायम बंद. माझा हेडफोन मस्त चालतो. काढून टाका ते अ‍ॅप.

---

केळीबागवाला

मना फोनमा बी हाईच व्हई ऱ्हायनं भो. जवळची डिव्हायसेस म्हणजे शेजारच्यांचे फोन ना? आमच्या गल्लीत कानबाईच्या वेळी माझ्या स्पीकरला शेजारचं पोरगं आपोआप जोडलं गेलं आणि आरती चालू असताना डीजेचं गाणं वाजलं. तेव्हापासून मी ही परवानगी सगळ्यांची काढून टाकली. तरी या वर्षी परत तेच झालं.

---

निळा_दात

मूळचा धुळ्याचा, पोटापाण्यासाठी ऑडिओची अ‍ॅप बनवतो. आयडीचं नाव त्यावरूनच. तर ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यातच अर्धं उत्तर आहे. अ‍ॅपला नेकबँड सापडला नाही आणि हरिपाठ चालू होता.

फोन आणि नेकबँड यांची जोडी फोनच्या सेटिंगमध्ये लागते. ती एकदा लागली की आवाज कुठे पाठवायचा ते अँड्रॉइड किंवा आयफोन स्वतः बघतो. गाणं वाजवणारं अ‍ॅप फक्त आवाज फोनच्या हवाली करतं. तो कानात गेला की स्पीकरवर, हे त्याला माहीत असण्याचीही गरज नाही. म्हणून ब्लूटूथवर गाणं ऐकायला त्या अ‍ॅपला कुठलीच परवानगी लागत नाही. दोन्हीकडे हेच. नेकबँडचं बटण दाबून गाणं थांबवणं, नेकबँड बंद झाला की गाणं आपोआप थांबणं, वर पट्टीत नेकबँडची बॅटरी दिसणं, हेही परवानगीशिवाय होतं. शिरपूरकरांचा हेडफोन मस्त चालतो तो म्हणूनच.

परवानगी कधी लागते? अ‍ॅपला त्या वस्तूशी स्वतः बोलायचं असेल तेव्हा. बास कमी करायचा हा निरोप आवाजाच्या वाटेने जात नाही. तो कंपनीच्या अ‍ॅपला वेगळ्या वाटेने नेकबँडपर्यंत पोचवावा लागतो. त्यासाठी आधी आसपास शोध घ्यावा लागतो की आपली वस्तू कुठली. तुमच्या तिन्ही फोनवर अ‍ॅप हीच एक गोष्ट करतंय. ती करण्यासाठी काय मागायचं ते मात्र त्या त्या फोनने ठरवलंय.

आता कामाचं. तिन्ही फोनवर सेटिंगमध्ये जाऊन अँड्रॉइड कितवं आणि आयओएस कितवं ते बघून इथे लिहा. आणि आप्पांच्या फोनवर परवानगी दिलीत, पण वरून पडदा खाली ओढल्यावर जे लोकेशनचं बटण असतं ते चालू होतं का, तेही.

---

शिरपूरकर

म्हणजे मी बरोबरच म्हणालो. लोकेशन लागत नाही.

---

निळा_दात

गाणं ऐकायला लागत नाही, यात तुम्ही शंभर टक्के बरोबर. पण ताईंना बास कमी करायचा आहे.

---

तापीकाठची

बघितलं. आप्पांचा अँड्रॉइड १०, माझा १३, ह्यांचा आयओएस १७. आणि हो, आप्पांच्या फोनवर वरचं बटण बंदच असतं! बॅटरी जाते म्हणून ते कायम बंद ठेवतात. पण परवानगी तर मी दिली होती. बटण आणि परवानगी वेगवेगळी का?

---

निळा_दात

हीच ती फसगत. माझ्या ओळखीतल्या निम्म्या तरी तक्रारी याच कारणाने येतात.

परवानगी म्हणजे या एका अ‍ॅपला लोकेशन बघू द्यायचं का. वरचं बटण म्हणजे अख्ख्या फोनचं लोकेशन चालू की बंद. जसं विहिरीवरचा मेन स्विच आणि तुमच्या वाफ्याचा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह उघडला आणि मेन बंद, तर पाणी येणार नाही. अँड्रॉइड ६ ते ११ च्या फोनवर ब्लूटूथचा शोध घ्यायला दोन्ही चालू लागतात. वाईट भाग असा की मेन बंद असला तर फोन अ‍ॅपला "तुला मनाई आहे" असं सांगत नाही. शोध सुरू होतो, चालू राहतो आणि हाती रिकामी यादी येते. अ‍ॅप बनवणाऱ्याने बटण तपासून "लोकेशन चालू करा" असं सांगायची तसदी घेतली नसेल, तर ते भाबडेपणाने "एकही डिव्हाइस सापडलं नाही" म्हणतं. तुमच्याकडे तेच झालं.

ओळखायचं असं : गाणं नेकबँडमधून येतंय, म्हणजे ब्लूटूथ ठीक, जोडी ठीक, नेकबँड ठीक. अ‍ॅपची परवानगीही दिलेली. तरी यादी रिकामी आणि फोन ११ किंवा जुना, तर वरचं बटण बघा. बटण चालू करून अ‍ॅपमध्ये पुन्हा शोधा. सापडलं तर निदान पक्कं.

---

शिरपूरकर

पण भाऊ, मूळ मुद्दा टाळताय. नेकबँड गळ्यात आहे. तो शोधायला मी चोपड्यात आहे की चाळीसगावात, हे कशाला पाहिजे? जीपीएस लावून नेकबँड शोधतात का?

---

निळा_दात

नाही, जीपीएसचा इथे काही संबंध नाही, आणि हा प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा उलटं आहे. ब्लूटूथ शोधायला लोकेशन लागतं असं नाही. ब्लूटूथ शोधलं की त्यातून लोकेशन कळू शकतं, म्हणून लोकेशनची परवानगी विचारतात.

कसं ते बघा. ब्लूटूथच्या काही वस्तू दर काही क्षणांनी हवेत आपली ओळख पुकारत असतात. काही वस्तू यासाठीच बनवतात, बीकन म्हणतात त्यांना. छोटी बटणासारखी वस्तू, वर्ष-दोन वर्षं एका सेलवर चालते. समजा जळगावच्या एखाद्या मोठ्या दुकानात प्रत्येक दालनात एक चिकटवून ठेवली. ती जागची हलत नाही. कुठली कुठे लावली याची यादी दुकानाकडे असते. आता तुमच्या फोनवरच्या एखाद्या अ‍ॅपला आसपासचे पुकारे ऐकू आले, तर जीपीएस बंद असूनही त्याला कळतं की तुम्ही त्या दुकानात, साड्यांच्या दालनात आहात. जीपीएस घरात नीट चालत नाही, हे मात्र चालतं.

२०१५ साली अँड्रॉइड ६ आलं तेव्हा गूगलने नियम केला की पुकारे ऐकणाऱ्या अ‍ॅपने लोकेशनची परवानगी घ्यावी. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० ला तो कडक केला, अंदाजे लोकेशन चालत होतं तिथे नेमकं मागायला लावलं. हेतू बरा होता, पण माणसाला समोर दिसतं ते एवढंच की गाण्याचं अ‍ॅप माझा ठावठिकाणा मागतंय. प्रामाणिक अ‍ॅप आणि चोर अ‍ॅप दोघांचा प्रश्न एकसारखा. आप्पा घाबरले यात त्यांचं काही चुकलं नाही.

२०२१ मध्ये अँड्रॉइड १२ ला हे सोडवलं. ब्लूटूथचं वेगळं खातं काढलं, तेच तुम्हाला जवळच्या डिव्हायसेसच्या नावाने दिसतं. अ‍ॅप बनवताना आम्ही एक ओळ लिहून हमी देऊ शकतो की या शोधातून लोकेशन काढणार नाही :

```xml
<uses-permission
  android:name="android.permission.BLUETOOTH_SCAN"
  android:usesPermissionFlags="neverForLocation" />
```

ही ओळ असली की लोकेशनची परवानगी लागत नाही, आणि अँड्रॉइड स्वतःच काही बीकनचे पुकारे गाळून मग यादी अ‍ॅपला देतं. "काही" म्हणतोय ते लक्षात घ्या. सगळे गाळले जातातच असं नाही, त्यामुळे थोडा भाग विश्वासाचा राहतो.

---

भुसावळ_लोको

चांगली माहिती. माझा अनुभव जोडतो, थोडा वेगळा आहे. मागच्या वर्षी जुनी गाडी घेतली. तिच्या म्युझिक सिस्टीमला फोन जोडताना जी चौकट आली त्यात खाली एक खूण होती, संपर्क आणि कॉलची यादी पाहू द्यायची का. मी घाईत तशीच ठेवून जोडणी केली. चार दिवसांनी मेहुण्याने गाडीच्या पडद्यावर माझी अख्खी फोनबुक उघडून दाखवली, बायकोच्या माहेरच्यांची मी ठेवलेली टोपणनावं सुद्धा. सगळ्या घरात हसू झालं. ही पण अ‍ॅपची परवानगी का?

---

निळा_दात

नाही, ही तिसरीच गोष्ट, आणि माझ्या मते या धाग्यातली सगळ्यात दुर्लक्षित. ही अ‍ॅपची नाही, जोडणीची परवानगी आहे. तुम्ही फोनबुक गाडीला दिली. फोन आल्यावर पडद्यावर नाव दिसावं म्हणून गाड्यांना ती हवी असते. साध्या नेकबँडला तिचा काही उपयोग नाही, म्हणून नेकबँड किंवा स्पीकर जोडताना ती खूण आली तर काढून टाका. गाणी आणि कॉल तरी चालतात.

दिलेली काढायची असेल तर फोनच्या ब्लूटूथ यादीत त्या वस्तूच्या नावापुढचं चक्र दाबा, आत ती खूण मिळते. आणि गाडी विकताना गाडीतूनही आपला फोन पुसा. फोनमधून काढला म्हणजे गाडीत उतरलेली यादी जाईलच असं नाही.

---

भुसावळ_लोको

मी घेतली तेव्हा तिच्यात आधीच्या मालकाचा फोन अजून होता. आता कळलं.

---

नंदुरबारी_मिरची

म्हणून मी आयफोन वापरते. आमच्याकडे ही भानगड नाही. कधीच लोकेशन विचारत नाही, सगळं सुरक्षित. दोन वर्षांत गाण्याच्या अ‍ॅपने एकदाही काही विचारलं नाही.

---

तापीकाठची

अगं, वर लिहिलंय ना, ह्यांच्या आयफोनवर ब्लूटूथचं विचारलं. आणि त्या चौकटीत खाली बारीक अक्षरात "तुमचा अनुभव चांगला व्हावा म्हणून" असलं काहीतरी होतं. याला काय कारण म्हणायचं?

---

निळा_दात

मिरचीताई, तुमच्या गाण्याच्या अ‍ॅपने विचारलं नाही कारण त्याला गरजच नव्हती. नुसतं वाजवायचं असेल तर ते अँड्रॉइडवरही विचारणार नाही. कंपनीचं अ‍ॅप टाकलंत की तुम्हालाही विचारेल. २०१९ च्या आयओएस १३ पासून ब्लूटूथच्या वस्तूंशी स्वतः बोलणाऱ्या अ‍ॅपला सहसा ही चौकट दाखवावी लागते.

त्या चौकटीतली बारीक ओळ अ‍ॅप बनवणाऱ्याने लिहिलेली असते. ती लिहिणं सक्तीचं आहे. नाही लिहिली तर ब्लूटूथला हात लावताक्षणी अ‍ॅप बंद पडतं. पण काय लिहायचं त्यात आळस करतात. चांगली ओळ म्हणजे "तुमच्या नेकबँडचा बास आणि बटणं बदलण्यासाठी". "अनुभव चांगला व्हावा" वाचलं की मी तरी आधी नाही म्हणतो आणि काय अडतं ते बघतो.

आयफोनवर एक फरक खरा आहे. ब्लूटूथची परवानगी दिली तरी अ‍ॅपला वस्तूचा खरा पत्ता, म्हणजे तिचा ब्लूटूथचा ओळख क्रमांक, मिळत नाही, फोनने बनवलेला एक क्रमांक मिळतो. आणि अ‍ॅपलच्या पद्धतीचे बीकन त्या वाटेने दिसतच नाहीत, त्यांच्यासाठी लोकेशन वेगळं मागावं लागतं. म्हणून तिथे दोन प्रश्न सहसा एकत्र दिसत नाहीत आणि लोकांना वाटतं काही भानगड नाही. तरी आसपास कोणत्या वस्तू आहेत हे परवानगी मिळालेल्या अ‍ॅपला दिसतंच.

आणखी एक. घरातल्या वायफायवरच्या स्पीकरला किंवा टीव्हीला गाणं पाठवणारं अ‍ॅप असेल तर आयओएस १४ पासून लोकल नेटवर्कचा प्रश्न येतो. तो ब्लूटूथचा नाही. नेकबँडच्या अ‍ॅपने तो विचारला तर मला शंका येईल.

---

खापरावरचे_मांडे

भाऊ, माझं राहिलं. माझ्या फोनवर गाण्याच्या साध्या अ‍ॅपने जवळच्या डिव्हायसेसचं विचारलं, आणि तुम्ही म्हणता गरज नाही.

---

निळा_दात

वाजवायला गरज नाही. पण अ‍ॅपला कुठली वस्तू जोडलीय तिचं नाव दाखवायचं असतं, किंवा "गाडीत बसलात की आपोआप गाणं सुरू" अशी सोय द्यायची असते, किंवा इक्वलायझरच्या अ‍ॅपला घरच्या स्पीकरसाठी एक आणि हेडफोनसाठी दुसरी मांडणी लक्षात ठेवायची असते. १२ पासून पुढे जोडलेल्या वस्तूचं ब्लूटूथवरचं नाव वाचायलाही ही परवानगी लागते. नाही दाबा आणि दोन दिवस वापरा. सोय गेली आणि तुम्हाला ती हवीच असेल तर परत द्या. फक्त लक्षात ठेवा, अँड्रॉइड ११ पासून दोनदा नाही म्हटलं की फोन परत विचारत नाही. मग सेटिंग, अ‍ॅप्स, त्या अ‍ॅपचं नाव, परवानग्या, अशी वाट धरावी लागते.

---

केळीबागवाला

आणि मना स्पीकर?

---

निळा_दात

काका, जवळची डिव्हायसेस म्हणजे शेजाऱ्यांचे फोन असं नाही, आणि तुमच्या फोनवरच्या परवानगीने तुमच्या स्पीकरचं दार बंद होत नाही. ते पोरगं त्याच्या फोनवरून थेट स्पीकरला जोडतंय. एकदा जोडलेलं असल्यामुळे त्याचा फोन स्पीकरच्या आठवणीत आहे. स्पीकर चालू झाला, तुमचा फोन लांब असला, की ज्याचा फोन आधी सापडेल तो जोडला जातो. स्पीकर रिसेट करा. बहुतेकांना ब्लूटूथचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावं लागतं, पण पद्धत कंपनीगणिक वेगळी, त्याच्या कागदावर बघा. सगळ्या जुन्या जोड्या पुसल्या जातील. मग आधी तुमचा फोन जोडा.

---

केळीबागवाला

कागद कोठे शे आते. बघस.

---

तापीकाठची

आज रविवार, गावी आले होते, आप्पांच्या ओट्यावर बसून सगळं करून पाहिलं. लिहून ठेवते, कुणाला उपयोग होईल.

आप्पांचा फोन (अँड्रॉइड १०) : परवानगी दिलेली, वरचं बटण बंद. अ‍ॅपमध्ये शोधलं, यादी रिकामी. दुसरं काही न बदलता फक्त वरचं बटण चालू केलं, पुन्हा शोधलं. पाच-सहा सेकंदांत नेकबँडचं नाव आलं! आप्पा म्हणाले, "एवढ्यासाठी आठ दिवस?" बास तीन पायऱ्या खाली आणला. पखवाज मागे गेला, शब्द पुढे आले. आप्पा खूश.

माझा फोन (१३) : निळादात भाऊंनी सांगितलं तसं दोन्हीला नाही म्हटलं. गाणं व्यवस्थित चाललं, बटणं चालली, बॅटरीही दिसली. अ‍ॅप मात्र पहिल्या पडद्यावरच अडून बसलं. मग जवळच्या डिव्हायसेसना हो आणि लोकेशनला नाही. अ‍ॅप उघडलं, नेकबँड सापडला, बास बदलता आला. म्हणजे माझ्या फोनवर लोकेशन त्याला लागतच नव्हतं. मग मागितलं कशाला?

ह्यांचा आयफोन : ब्लूटूथला नाही म्हटलं. गाणं चालू, अ‍ॅप ठप्प. सेटिंगमध्ये प्रायव्हसीच्या आत ब्लूटूथ नावाची यादी आहे, तिथे ते अ‍ॅप बंद दिसलं. तिथूनच चालू केलं, मग जमलं.

---

निळा_दात

छान, नीट एकेक गोष्ट बदलून बघितलीत.

१३ वर लोकेशन मागायचं कारण मी दोनांपैकी एक धरतो. अ‍ॅपमध्ये "हरवलेला नेकबँड शोधा" असं काही आहे का बघा. नेकबँड शेवटचा कुठे सुटला ते नकाशावर दाखवायचं तर फोनचं लोकेशन लागतं, ते खरं कारण झालं. तसं काही नसेल, तर जुन्या फोनसाठी लिहिलेला प्रश्न बनवणाऱ्याने नव्या फोनसाठी काढलाच नाही. आळशीपणा. अर्थात तिसरी शक्यताही असते, शिरपूरकर म्हणतात ती, आणि बाहेरून बघून ती मी नाकारू शकत नाही.

---

शिरपूरकर

आला ना मुद्द्यावर!

बाय द वे, तुम्ही वर सांगितलं म्हणून मी लोकेशनच्या सेटिंगमध्ये आत गेलो. तिथे ब्लूटूथ स्कॅनिंग नावाचं एक बटण चालू होतं. लिहिलंय की ब्लूटूथ बंद असलं तरी शोध चालतो. मी तीन वर्षं लोकेशन बंद ठेवून मिशीला पीळ देत होतो!

---

निळा_दात

ते जागा लवकर ओळखण्यासाठी असतं. बंद केलंत तरी नेकबँड, गाणी, अ‍ॅप काहीही अडत नाही. करा बंद.

---

तापीकाठची

आहे, आहे! "नेकबँड शोधा" असं एक पान आहे. लोकेशन न दिल्यामुळे त्यात नकाशा कोरा दिसतो. मला नको आहे, राहू दे कोरा.

पण एक नवीन घोळ. आप्पांनी रात्री सवयीने वरचं लोकेशनचं बटण परत बंद केलं. सकाळी अ‍ॅप उघडलं तर परत "सापडलं नाही". काल सापडलेला नेकबँड आज विसरला? रोज लोकेशन चालू ठेवायचं का?

---

निळा_दात

अँड्रॉइड १० वर शोधायला लोकेशन लागतं. एकदा सापडलेल्या वस्तूला पत्त्यावरून थेट जोडायला लागत नाही. म्हणजे अ‍ॅपने पत्ता लिहून ठेवला असता तर बटण बंद असूनही जमलं असतं. हे अ‍ॅप दर वेळी पहिल्यापासून शोधतंय असं दिसतं. त्याला बाहेरून इलाज नाही.

पण आधी हे बघा, बास कमी केलेला तसाच आहे की मूळ जागी गेला? काही कंपन्या ती मांडणी नेकबँडच्या आतच लिहून ठेवतात. काहींचं अ‍ॅप आवाज फोनमध्येच बदलून पाठवतं. पहिला प्रकार असेल तर आप्पांना रोज अ‍ॅप लागणारच नाही.

---

तापीकाठची

तपासलं, आणि जरा डोकं चालवून तपासलं. माझ्या फोनवरून बास एकदम वर नेला, अ‍ॅप बंद केलं, नेकबँड माझ्या फोनमधून काढला आणि आप्पांच्या फोनला जोडला, त्यांच्याकडचं अ‍ॅप न उघडता. धमधम धमधम! म्हणजे मांडणी नेकबँडमध्येच राहते. परत खाली आणला.

आप्पांच्या फोनवरून ते अ‍ॅप काढून टाकलंय. लोकेशनची परवानगी त्याच्यासोबत गेली. बास बदलायचा झाला तर मी गावी येईन तेव्हा माझ्या फोनवरून बदलेन. आप्पांनी बँकेतल्या माणसाला सांगायला सांगितलंय की त्यांनी लोकेशन दिलं नाही.

---

निळा_दात

उत्तम. नेकबँड कधी रिसेट केलात तर ही मांडणी पुसली जाऊ शकते, तेवढं लक्षात असू द्या.

---

खापरावरचे_मांडे

मी गाण्याच्या अ‍ॅपला नाही म्हटलं. दोन दिवस झाले. स्कूटरवर हेल्मेटातला स्पीकर जोडला की गाणं आपोआप सुरू व्हायचं, ते बंद झालं. आता थांबून हाताने लावावं लागतं. ठरत नाहीये परत द्यावी की नाही.

---

शिरपूरकर

देऊ नका.

---

भुसावळ_लोको

द्या हो, स्कूटरवर फोन हातात घेण्यापेक्षा बरं.

---

केळीबागवाला

कागद सापडना नही. बटण दाबी धरं, स्पीकर तीनदा टूं टूं वाजना. आते मना फोन जोडायना. शेजारना पोऱ्या आज सकाळपासून दोनदा विचारी गया, "काका, स्पीकर बिघडला का?"